कन्नडची भाषा-चाचणी: ओळखीचे शब्द कुठवर पोचवतात?

सर, मी डिचोलीची. प्राथमिक शाळा मराठीतून, पुढे बी.कॉम. घरात कोकणी आणि मराठी दोन्ही. बँकांच्या लिपिक भरतीत गोव्याच्या वाट्याला जागा मोजक्याच येतात, म्हणून या वेळी कर्नाटक किंवा तमिळनाडूतून अर्ज भरायचा विचार आहे. दोन्हीकडे स्थानिक भाषेची चाचणी द्यावी लागते. तीन महिने हातात धरले तर कोणती भाषा घेऊ? संस्कृत शब्द सारखेच असतात म्हणतात. त्यांच्या जोरावर किती निभावेल?

कन्नड घ्या. तमिळ वाईट म्हणून नव्हे, तर तीन महिन्यांत मराठी माणसाच्या पदरात काय पडेल याचा हिशोब करून सांगतो. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. उच्चार जागेवरून ठरतो. त्यामुळे संस्कृतातून आलेला शब्दही तिथे वेष पालटून उभा असतो. शिवाय तमिळमध्ये सरकारी आणि बँकेच्या कामकाजात देशी शब्दांचा आग्रह मोठा. कन्नडमध्ये भाषा म्हणजे ‘भाषॆ’, परीक्षा म्हणजे ‘परीक्षॆ’, शाखा म्हणजे ‘शाखॆ’. तमिळमध्ये त्याच जागी मोळि, तेर्वु, किळै. तुम्हाला ज्या ओळखीचा आधार हवा आहे तो कन्नडमध्ये जास्त मिळतो.

पण तो आधार कुठवर टिकतो हेच खरे सांगण्यासारखे आहे. ओळखीचे शब्द तुम्हाला उताऱ्याचा विषय सांगतात; उत्तर सांगत नाहीत. उत्तर असते प्रत्ययात आणि क्रियापदाच्या शेवटात, आणि तिथे एकही अक्षर संस्कृत नसते. माझ्याकडे येणारी मराठी-कोकणी मुले अडतात ती बहुतेक इथेच.

आधी लिपी. ती तीन आठवड्यांचे काम आहे, त्याहून लांबवू नका.

पुढे मी कन्नड शब्द देवनागरीतच लिहिणार आहे, तेव्हा एक खूण समजून घ्या. कन्नडमध्ये ए आणि ओ हे ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही. ऱ्हस्वासाठी मी ऎ, ऒ आणि त्यांच्या वळलेल्या मात्रा वापरतो. दीर्घासाठी नेहमीचे ए, ओ. ‘बॆळॆ’ म्हणजे पीक आणि ‘बेळॆ’ म्हणजे डाळ, इतका फरक पडतो. सोय अशी की संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दाच्या पोटातला ए-ओ नेहमी दीर्घच असतो, कारण संस्कृतात ऱ्हस्व ए-ओ नाहीतच: देश, लोक, योजनॆ, सेवॆ. ऱ्हस्व ए-ओ दिसला की एक तर शब्द देशी आहे, नाही तर शब्दाचा शेवट आहे.

अक्षरांचा क्रम तुमचाच आहे, क ख ग घ ङ पासून. पण मी मुलांना त्या क्रमाने लिपी शिकवत नाही, आकारांच्या घराण्यांनी शिकवतो. र चे अक्षर गोल आहे. त्याच्या पोटात टिंब दिले की ठ होतो. ध च्या पोटात टिंब दिले की थ. द, ड, प, ब, च यांना तळाशी एक छोटी चीर दिली की अनुक्रमे ध, ढ, फ, भ, छ मिळतात. म्हणजे महाप्राण अक्षरे बरीचशी फुकटात आली. प च्या आत आडवी रेघ घातली की ष, हे तर देवनागरीसारखेच. व आणि म यांचा मात्र पहिल्या दिवसापासून वेगळा सराव करा. व ला उजवीकडे आणखी एक वळण दिले की म होतो, आणि घाईत वाचणारा माणूस ‘वन’ला ‘मन’ करून मोकळा होतो.

बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर एक छोटी खूण असते, तिला तलकट्टु म्हणतात. ब, ल, ज, ण अशा काहींना ती नसते. आपली शिरोरेषा नुसती शोभेची असते. तलकट्टु तशी नाही. ती म्हणजे अक्षरातला ‘अ’. वेलांटी किंवा मात्रा आली की तलकट्टु जाते आणि तिच्या जागी ती खूण बसते. म्हणून बाराखडी पाठ करताना अक्षराचे धड आणि डोके वेगवेगळे पाहायला शिका. काना, उकार, मात्रा यांची कन्नड नावे इळि, कॊंबु, ऎत्व अशी आहेत. नावे पाठ नसली तरी चालेल, पण एक गोष्ट पक्की ठेवा: दीर्घ ई, दीर्घ ए आणि दीर्घ ओ या तिन्हींना उजवीकडे एकच दीर्घाची खूण लागते. ‘कि’ला ती लावली की ‘की’, ‘कॆ’ला लावली की ‘के’, ‘कॊ’ला लावली की ‘को’. ऱ्हस्व-दीर्घाचा अर्धा गोंधळ इथेच संपतो.

आता जिथे मराठी डोळा हमखास फसतो ती जागा: जोडाक्षर. देवनागरीत पहिले अक्षर अर्धे होते आणि दुसरे पूर्ण राहते. कन्नडमध्ये उलट. पहिले अक्षर पूर्ण उभे असते आणि दुसरे त्याच्या पायाशी लहान होऊन बसते. त्याला ऒत्तक्षर म्हणतात. खरी गोम पुढे आहे. काना-वेलांटी उच्चारात जोडाक्षराच्या शेवटी येते, पण लिहिताना ती वरच्या, म्हणजे पहिल्या अक्षरावर चढते. ‘शक्ति’ लिहिलेले असते तेव्हा तुम्हाला दिसते श, मग वेलांटीसकट कि, आणि त्याच्या पायाशी त. नवखा वाचतो ‘शकित’. ‘स्त्री’चे ‘सीतर’ होते. बँकेच्या पाटीवरचा ‘व्यवस्थापक’ म्हणजे मॅनेजर, त्याचे ‘वयवसाथपक’ होते, कारण य पायाशी आहे, थ पायाशी आहे आणि काना स वर दिसतो. उपाय एकच: पायाशी काही दिसले की वरची खूण तोंडात धरून ठेवायची, खाली उतरायचे, आणि मग ती खूण उच्चारायची. आठवडाभर असे मोठ्याने वाचले की डोळा आपोआप वरखाली फिरू लागतो.

पायाशी बसणारी बहुतेक अक्षरे मूळ अक्षराचीच छोटी रूपे असतात. त, न, म, य, र, ल या सहांची रूपे मात्र वेगळी आहेत, ती पाठच करावी लागतात. नेमकी हीच सहा सर्वांत जास्त भेटतात. ‘कन्नड’ या शब्दातच त्यातला न आहे. उलट क्ष, ज्ञ, त्र, श्र यांच्यासाठी वेगळे अक्षर शोधत बसू नका. क च्या पायाशी ष, ज च्या पायाशी ञ, त च्या पायाशी र, श च्या पायाशी र, असा सरळ मामला आहे. श्रुतलेखनात मात्र सांभाळा. आपण ज्ञ चा उच्चार ‘द्न्य’ करतो आणि कानावर विसंबून द-न-य लिहून बसतो.

रफाराचे तंत्र आणखी गमतीचे. आपला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. कन्नडमध्ये तो पुढच्या अक्षराच्या उजवीकडे, काना-मात्रा सगळे झाल्यावर येतो आणि दिसतो हुबेहूब कन्नड नऊच्या आकड्यासारखा. ‘कर्नाटक’ हा शब्द डोळ्याला क, ना, नऊ, ट, क असा दिसतो. शब्दाच्या मधेच नऊ आला तर एक अक्षर मागे जा आणि त्याच्या आधी र् म्हणा. अनुस्वारही डोक्यावर नसतो, अक्षराच्या शेजारी ओळीत एक पूर्ण वर्तुळ असते. ते शून्य नव्हे आणि रही नव्हे.

सरावासाठी पणजीच्या कदंब बसस्थानकाइतकी चांगली जागा तुम्हाला मिळणार नाही. कर्नाटकाच्या बसगाड्या तिथे लागतात आणि त्यांच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. गावे तुमच्या ओळखीची, म्हणजे उत्तर आधीच माहीत आणि अक्षरे तपासायची बाकी. ‘हुब्बळ्ळि’मध्ये दोन जोडाक्षरे आहेत आणि वेलांटी वरच्या ळ वर चढलेली आहे. ‘अंकोला’त अनुस्वाराचे वर्तुळ आहे आणि दीर्घ ओ आहे. ‘धारवाड’मध्ये चिरेचा ध आहे. गाडीच्या अंगावर ‘वायव्य कर्नाटक’ असे लिहिलेले असते, त्यात पायाचा य आणि रफार दोन्ही सापडतात. (ज्या कदंबांचे नाव आपल्या बसला आहे त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी कदंब लिपी ही कन्नड आणि तेलुगू लिप्यांची पूर्वज. तेव्हा जागाही योग्यच.)

तीन आठवड्यांनी स्वतःची तपासणी अशी करा. कुणाला तरी शक्ति, स्त्री, कर्नाटक, व्यवस्थापक, संस्थॆ, विद्यार्थि हे शब्द कन्नडमध्ये लिहून द्यायला सांगा आणि न थांबता वाचा. अडखळलात तरी हरकत नाही, पण वेलांटी चुकीच्या अक्षरावर गेली तर लिपी अजून बसलेली नाही. पुढे जाऊ नका.

आता ओळखीच्या शब्दांकडे. संस्कृत शब्द कन्नडमध्ये येताना शेवट बदलतो आणि बदलाला नियम आहे. आकारान्त स्त्रीलिंगी शब्दाचा शेवट ऱ्हस्व ऎ होतो: भाषा-भाषॆ, संस्था-संस्थॆ, सूचना-सूचनॆ, समस्या-समस्यॆ. शेवटची दीर्घ ई ऱ्हस्व होते: नदी-नदि, लक्ष्मी-लक्ष्मि. ‘स्त्री’सारखा एकाक्षरी शब्द तेवढा सुटतो. ‘राजा’ आणि ‘आत्मा’ यांचे ‘राज’ आणि ‘आत्म’ होते. अकारान्त शब्द लिहिताना तसेच राहतात, पण शेवटचा अ गिळायचा नाही. आपण ‘भारत्’ म्हणतो, कन्नड माणूस ‘भारत’ म्हणताना त मोकळा सोडतो. इंग्रजी शब्दांना बहुधा शेवटी उ लागतो: बस्सु, कारु, ब्यांकु.

हे शेवट इतक्या बारकाईने का सांगतो आहे? कारण त्यावरच प्रत्यय ठरतो. मराठीत प्रत्ययाआधी सामान्यरूप होते, देश-देशात, शाळा-शाळेत. कन्नडमध्येही मध्ये एक दुवा येतो. अकारान्त निर्जीव शब्दाला ‘द’ लागतो, म्हणून ग्राम-ग्रामदल्लि. ऎ किंवा इ ने संपणाऱ्याला ‘य’ लागतो, म्हणून शाखॆ-शाखॆयल्लि. उकारान्ताला ‘इन’, म्हणून ब्यांकु-ब्यांकिनल्लि. तिन्हींचा अर्थ गावात, शाखेत, बँकेत. ‘-अल्लि’ म्हणजे आपला ‘-त’ किंवा ‘मध्ये’. तोच दुवा ठेवून अल्लि काढून टाकले की षष्ठी होते: ग्रामद, शाखॆय, ब्यांकिन, म्हणजे गावाचा, शाखेचा, बँकेचा. ‘-ला’साठी गॆ किंवा क्कॆ येतो: शाखॆगॆ, ब्यांकिगॆ, ग्रामक्कॆ. ‘-ने’ आणि ‘-हून’साठी इंद: गोवादिंद म्हणजे गोव्याहून. कर्मासाठी अन्नु. या पाच प्रत्ययांवर पायाभूत चाचणी निघते. बाकीचे व्याकरण पुस्तकात राहू द्या.

बँकेसाठी जात असाल तर संस्कृतपेक्षा दुसरा एक थर अधिक कामाचा आहे, कचेरीचा. अर्जि, खातॆ, सहि, बाकि, नगदु, दाखलॆ, जिल्लॆ, तालूकु, कचेरि हे सगळे शब्द कन्नड बँकेत रोज चालतात आणि त्यांतला एकही तुम्हाला शिकावा लागणार नाही. मुदत ठेवीतल्या ठेवीला ‘ठेवणि’ म्हणतात, चालू खात्याला ‘चाल्ति खातॆ’. त्यांच्याबरोबर देशी शब्दही घ्या: साल म्हणजे कर्ज, बड्डि म्हणजे व्याज, हण म्हणजे पैसा, मॊत्त म्हणजे रक्कम, उळिताय म्हणजे बचत, हॆसरु म्हणजे नाव, विळास म्हणजे पत्ता.

फसवे शब्द थोडेच आहेत, पण तोंडी चाचणीत नेमके तेच येतात. ‘उद्योग’ म्हणजे तिथे नोकरी, कारखानदारी नव्हे. ‘अवकाश’ म्हणजे संधी. ‘अवसर’ म्हणजे घाई. ‘अनुमान’ म्हणजे संशय, तेव्हा ‘माझे अनुमान असे’ हे कन्नडमध्ये ठोकून देऊ नका. उलट हिंदीवरून येणाऱ्यांना जे शब्द फसवतात ते तुम्हाला साथ देतात: ‘शिक्षॆ’ म्हणजे आपल्यासारखीच शिक्षा, दंड, ‘शिक्षण’ म्हणजे शिक्षण, ‘कादंबरि’ म्हणजे कादंबरी.

आता एक उतारा घेऊ. चाचणीत येतो तसाच, मी बेतलेला:

नम्म ग्रामदल्लि ऒंदु ब्यांकिन शाखॆ इदॆ. ग्राहकरु बॆळिग्गॆ हत्तु गंटॆगॆ बरुत्तारॆ. रैतरिगॆ सालद अवश्यकतॆ इदॆ, आदरॆ अवर हत्तिर दाखलॆगळु इल्ल. आद्दरिंद व्यवस्थापकरु अवरिगॆ साल कॊडलिल्ल.

लिपी आणि शब्दांची ओळख एवढ्या भांडवलावर वाचणारी मुलगी काय पाहते? ग्राम, बँक, शाखा, ग्राहक, रयत, आवश्यकता, दाखले, व्यवस्थापक. सगळे ओळखीचे. ती सांगते, “गावात बँक आहे. ग्राहक येतात. रयतेला गरज आहे, तिच्याजवळ दाखले आहेत, म्हणून व्यवस्थापकांनी कर्ज दिले.” विषय शंभर टक्के बरोबर आणि निष्कर्ष नेमका उलटा.

पुन्हा शेपटीकडून वाचा. पहिले वाक्य ‘इदॆ’ने संपते, म्हणजे ‘आहे’. दुसरे ‘बरुत्तारॆ’ने: बरु म्हणजे ये-, आणि शेवटचे ‘-आरॆ’ सांगते की ते लोक, अनेकवचनी. ‘हत्तु’ म्हणजे दहा, ‘गंटॆगॆ’ म्हणजे वाजता. हत्तीचा इथे संबंध नाही. तिसऱ्या वाक्यात ‘रैतरिगॆ’ म्हणजे शेतकऱ्यांना. इथपर्यंत ठीक. मग येतो ‘आदरॆ’. मराठी डोळ्याला तो आदर वाटतो, पण तो आहे ‘पण’. पुढचे वाक्य फिरणार हे तो सांगून ठेवतो. ‘हत्तिर’ म्हणजे जवळ, ‘दाखलॆगळु’तला गळु अनेकवचनाचा, आणि शेवट ‘इल्ल’, नाहीत. चौथे वाक्य ‘आद्दरिंद’ म्हणजे म्हणून, आणि शेवटचा शब्द ‘कॊडलिल्ल’: कॊडु म्हणजे दे-, त्याला चिकटलेला इल्ल. दिले नाही. दिले असते तर ‘कॊट्टरु’ आले असते.

म्हणून माझ्याकडे नियम असा: उतारा हातात आला की आधी प्रत्येक पूर्णविरामाच्या मागचा शब्द पेन्सिलीने गोल करायचा आणि त्यात इल्ल आहे का ते पाहायचे. इल्ल अनेकदा सुटा नसतो, मागच्या शब्दात मुरलेला असतो: साध्यविल्ल म्हणजे शक्य नाही, अगत्यविल्ल म्हणजे गरज नाही, बरुवुदिल्ल म्हणजे येत नाही. डोळ्याने ओळखायची खूण म्हणजे ल च्या पायाशी ल. पण थांबा, ‘-अल्लि’मध्येही ल च्या पायाशी ल आहे. फरक फक्त वरच्या वेलांटीचा. वेलांटी असेल तर ‘मध्ये’, नसेल तर ‘नाही’. जोडाक्षराची वेलांटी वरच्या अक्षरावर पाहायला शिका असे मघाशी इतके बजावले ते याचसाठी. ती सवय नसेल तर ‘गावात’ आणि ‘नाही’ यांतला भेद पुसला जातो.

नकाराच्या बाबतीत गोव्याचा माणूस पुढे आहे. कन्नडमध्ये ‘इल्ल’ आणि ‘अल्ल’ असे दोन नकार आहेत. ‘इल्ल’ म्हणजे ते नाहीच, ‘अल्ल’ म्हणजे ते तसे नव्हे. कोकणीत तुम्ही ‘ना’ आणि ‘न्हय’ यांत गल्लत करत नाही. तिथे इल्ल आणि अल्ल बसवा, झाले. तिसरा ‘बेड’ म्हणजे सरळ ‘नको’, आणि ‘बेकु’ म्हणजे ‘पाहिजे’.

वाक्याची घडणही अनेक ठिकाणी मराठीची आहे, संस्कृतची नव्हे. मला पाहिजे: ननगॆ बेकु. मला माहीत आहे: ननगॆ गॊत्तु. मला कन्नड येते: ननगॆ कन्नड बरुत्तदॆ, आणि क्रियापदही ‘येणे’च. ‘करून’, ‘येऊन’ यांच्यासाठी माडि, बंदु. ‘मी पाहिलेले गाव’ म्हणजे नानु नोडिद ऊरु, शब्दाला शब्द. ‘तो येतो म्हणून सांगितलं’ मधल्या ‘म्हणून’च्या जागी ‘अंत’ ठेवा. लिंगाची कटकट तर मराठीपेक्षा कमी. खुर्ची ती आणि टेबल ते असली भानगड नाही. माणूस सोडून सगळे ‘अदु’. म्हणून वाक्य रचताना मनात इंग्रजी किंवा हिंदी आणू नका. मराठीत वाक्य म्हणा आणि त्याच क्रमाने एकेक शब्द बदलत चला. ज्यांचे बोलणे अडते ते बहुधा इंग्रजीतून भाषांतर करत असतात.

बोलण्याची तयारी लहान ठेवा. निम्म हॆसरु एनु (तुमचे नाव काय), निम्म ऊरु यावुदु (गाव कोणते), नीवु एनु ओदिद्दीरि (काय शिकलात), अशा प्रश्नांनी सुरुवात होते. उत्तरे पूर्ण वाक्यात द्या: नानु गोवादिंद बंदिद्देनॆ, नानु बी.कॉम. मुगिसिद्देनॆ. कानाला दोन सवयी लावा. शब्दाच्या सुरुवातीचा ऎ हा ‘ये’सारखा आणि ऒ हा ‘वो’सारखा ऐकू येतो, म्हणून ऎरडु (दोन) ‘येरडु’ होतो आणि ऒंदु (एक) ‘वोंदु’. दुसरे, वास्कोला किंवा म्हापशाच्या बाजारात बेळगावहून आलेल्या भाजीवाल्यांकडून जी कन्नड कानावर पडते ती उत्तर कर्नाटकाची. तिथे प्रत्येक वाक्याला आदराचा ‘री’ लागतो आणि क्रियापदे आखूड होतात. ऐकण्याच्या सरावाला ती उत्तम, त्यांच्याशी जरूर बोला. बोलताना परीक्षकालाही ती चालते. लिहिताना मात्र बरुत्तारॆ, माडुत्तेनॆ अशी पूर्ण रूपेच लिहा. त्यासाठी दूरदर्शनच्या चंदन वाहिनीवरच्या बातम्या ऐका. ठळक बातम्यांत ओळखीचे शब्द भरपूर असतात आणि उच्चार स्वच्छ.

लेखनात एक अर्ज आणि स्वतःविषयी सात-आठ वाक्ये तयार ठेवा. अर्जाचा साचा ठरलेला आहे आणि तो प्रत्ययांवरच उभा आहे. वर डावीकडे ‘इंद’ लिहून खाली आपले नाव-पत्ता, म्हणजे ‘कडून’. मग ‘गॆ’ किंवा ‘रिगॆ’ लिहून खाली ज्यांना पाठवायचा त्यांचे पद, म्हणजे ‘यांना’. ‘मान्यरे’, ‘विषय’, मजकूर आणि शेवटी ‘इंति तम्म विश्वासि’. मजकुराची तीन वाक्ये आधी मराठीत लिहा, त्यांच्या शेवटी कोणते क्रियापद येते ते पाहा, तेच कन्नडमध्ये पक्के करा आणि मग मागे सरकत बाकीचे शब्द भरा.

वेळेची वाटणी: तीन आठवडे लिपी, पुढचे पाच आठवडे प्रत्यय, वीस-पंचवीस क्रियापदांची होकारी आणि नकारी रूपे व शेपटीकडून वाचन, उरलेला वेळ बोलणे आणि श्रुतलेखन. अर्ज भरण्यापूर्वी जाहिरातीतले भाषेचे कलम मात्र शब्दशः वाचा. दहावी-बारावीला ती भाषा घेतलेल्यांना चाचणीतून सूट असते, ती तुम्हाला लागू नाही. आणि चाचणीत भाषा येत नाही असे ठरले तर लेखी परीक्षेत कितीही गुण असले तरी नेमणूक मिळत नाही. म्हणून लिपी आजच सुरू करा, मुख्य परीक्षेच्या निकालाची वाट पाहू नका. निकाल आणि चाचणी यांच्यामध्ये तीन महिने मिळतीलच असे धरून चालू नका.